शंभर दाणे आणि शंभर शेतकरी
पाहणीतील टक्केवारीची चूक-मर्यादा कशी काढावी

रोहिणी नक्षत्र लागले की पालघर तालुक्यात भाताच्या राबाची तयारी सुरू होते. घरचे बी पेरावयाचे असेल तर जाणता शेतकरी ते आधी उगवून पाहतो. कणगीतील बियाण्यातून शंभर दाणे मोजून घ्यावयाचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावयाचे आणि ठरलेल्या दिवसांनी किती उगवले ते मोजावयाचे, ही रीत आपणा सर्वांना ठाऊक आहे. ऐंशी दाणे उगवले तर उगवण ऐंशी टक्के. प्रमाणित भातबियाण्यासाठी किमान उगवण ८० टक्के असावी, असा आपल्या देशातील दंडक आहे.

आता त्याच कणगीतून दुसरे शंभर दाणे घेऊन पाहा. या वेळी कदाचित ७६ उगवतील. तिसऱ्या वेळी ८३ उगवतील. कणगी तीच, बी तेच आणि पाणीही तेच. मग आकडा का बदलला? बियाण्यात काही बिघाड झाला म्हणून नव्हे, तर प्रत्येक वेळी मुठीत आलेले दाणे निराळे होते म्हणून. संपूर्ण कणगीची खरी उगवण एकच असते. आपल्या हाती येतो तो तिचा अंदाज. हा अंदाज खऱ्या आकड्याच्या वरखाली किती जाऊ शकतो, हे सांगणारी जी मर्यादा, तिला चूक-मर्यादा म्हणतात. येथे ‘चूक’ म्हणजे कोणाचा हलगर्जीपणा नव्हे. सर्व दाणे न मोजता थोडे मोजल्यामुळे जो फरक अटळपणे पडतो, तेवढाच तिचा अर्थ.

गावपातळीवरील कार्यकर्ते बीज उगवून पाहताना ही गोष्ट सहज मान्य करतात. परंतु शेतकऱ्यांची पाहणी करताना मात्र तिचा विसर पडतो. ‘पाहणी केली, साठ टक्के शेतकऱ्यांनी बीजप्रक्रिया केली’ असे वाक्य अहवालात लिहिले जाते. किती जणांना विचारले आणि साठाच्या आकड्यात किती वरखाली धरावे, हे कोठेच नसते. त्या एका आकड्यावर पुढील वर्षीचे प्रात्यक्षिक कोठे घ्यावयाचे हे ठरते. म्हणून हा हिशेब नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

चूक-मर्यादेचा हिशेब

प्रथम दाण्यांचाच हिशेब करू. उगवण ८० टक्के आली, म्हणजे न उगवलेले २० टक्के. या दोन आकड्यांचा गुणाकार करावा : ८० गुणिले २० म्हणजे १६००. त्याला तपासलेल्या दाण्यांच्या संख्येने भागावे. दाणे १०० होते, म्हणून भागाकार १६. त्याचे वर्गमूळ ४. त्याची दुप्पट ८. ही झाली चूक-मर्यादा. म्हणजे शंभर दाण्यांवरून उगवण ८० टक्के दिसली, तर कणगीची खरी उगवण ७२ ते ८८ यांच्या दरम्यान असावी, असे म्हणता येते. अशा रीतीने काढलेल्या मर्यादा शंभरातून सुमारे पंच्याण्णव वेळा खऱ्या आकड्याला आपल्या पोटात घेतात. उरलेल्या पाच वेळा खरा आकडा बाहेर राहतो. दुप्पट करण्याचे कारण हेच आहे. दुप्पट केली नाही तर शंभरातून सुमारे अडुसष्ट वेळाच आपण बरोबर ठरू.

आता दाणे ४०० घेतले तर काय होते? १६०० भागिले ४०० म्हणजे ४, वर्गमूळ २, दुप्पट ४. चूक-मर्यादा आठावरून चारावर आली. बीजपरीक्षण प्रयोगशाळेत उगवणीसाठी सर्वसाधारणपणे शंभर-शंभराच्या चार गटांत मिळून ४०० दाणे ठेवले जातात. घरच्या शंभर दाण्यांच्या चाचणीपेक्षा प्रयोगशाळेचा आकडा अधिक भरवशाचा असतो, याचे एक कारण या संख्येत आहे. उलट घाईत कोणी पंचवीसच दाणे ठेवले, तर १६०० भागिले २५ म्हणजे ६४, वर्गमूळ ८, दुप्पट १६. पंचविसातील वीस दाणे उगवलेले पाहून ज्याने ‘बी उत्तम’ म्हणून पेरले, त्याच्या बियाण्याची खरी उगवण ६४ टक्केही असू शकते. त्याचा राब विरळ झाला आणि लावणीच्या वेळी रोपे अपुरी पडली, तर दोष पावसाचा नव्हे.

या तीन उदाहरणांत मुख्य नियम दिसून येतो. संख्या चौपट केली की चूक-मर्यादा निम्मी होते. संख्या दुप्पट केल्याने ती निम्मी होत नाही. कारण भागाकाराचे आपण वर्गमूळ घेतो आणि चाराचे वर्गमूळ दोन आहे.

दाण्यांवरून माणसांकडे

आता हाच हिशेब पाहणीला लावू. उदाहरणादाखल असे धरू की, पालघर तालुक्यातील भात-उत्पादकांपैकी किती जणांनी पेरणीपूर्वी बी मिठाच्या पाण्यात बुडवून पोकळ दाणे काढून टाकले, हे पाहावयाचे आहे. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून तीन टक्क्यांचे द्रावण करणे व त्यात तरंगलेले दाणे टाकून देणे, ही शिफारस सर्वश्रुत आहे. समजा, वरिष्ठांनी असे ठरविले की, निम्म्याहून अधिक शेतकरी ही प्रक्रिया करीत असतील तर प्रात्यक्षिके दुसरीकडे न्यावी. निम्म्याहून कमी करीत असतील तर ती येथेच चालू ठेवावी.

एका कार्यकर्त्याने पंचवीस शेतकऱ्यांना विचारले. पंधरा जणांनी ‘होय’ म्हटले, म्हणजे साठ टक्के. हिशेब करा : ६० गुणिले ४० म्हणजे २४००, भागिले २५ म्हणजे ९६, त्याचे वर्गमूळ सुमारे ९.८, दुप्पट सुमारे २०. खरे प्रमाण ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. निम्म्याहून कमी की अधिक, या मूळ प्रश्नालाच उत्तर मिळाले नाही. तरीही अहवालातील ‘साठ टक्के’ वाचून प्रात्यक्षिके हलविली गेली, तर ज्यांना त्यांची गरज होती तेच कदाचित वंचित राहतील.

शंभर जणांना विचारून साठ टक्केच आले, तर चूक-मर्यादा सुमारे १० होते. खरे प्रमाण ५० ते ७०. आता निर्णय अगदी काठावर आला. चारशे जणांना विचारले तर मर्यादा सुमारे ५. खरे प्रमाण ५५ ते ६५. आता मात्र ‘निम्म्याहून अधिक’ असे विश्वासाने म्हणता येते. सोळाशे जणांना विचारले तर मर्यादा सुमारे अडीच.

येथे श्रमाचाही विचार करावा. पाडे विखुरलेले असतात. दिवसाला दहा घरे होतात असे धरले तर शंभर घरांना दहा दिवस, चारशेंना चाळीस दिवस आणि सोळाशेंना एकशे साठ दिवस लागतील. तोवर लावणी होऊन कापणीही उरकेल. दहावरून पाचावर येण्यासाठी तीस दिवस अधिक लागले; पाचावरून अडीचावर येण्यासाठी एकशे वीस दिवस अधिक. म्हणून ‘जितके अधिक तितके चांगले’ असे न म्हणता, आपल्या निर्णयाला किती बारकावा हवा हे आधी ठरवावे. शंभर जणांत प्रमाण ऐंशी टक्के आले असते, तर चूक-मर्यादा ८ धरूनही ते ७२ च्या खाली येत नाही, आणि निम्म्याहून अधिक हे शंभरांतच सिद्ध झाले असते. आकडा निर्णयाच्या रेषेजवळ असेल तेव्हाच मोठा नमुना लागतो.

तालुका मोठा म्हणून नमुना मोठा नको

येथे पुष्कळांना एक शंका येते. एका तालुक्यासाठी चारशे पुरे असतील, तर आठ तालुक्यांच्या संपूर्ण पालघर जिल्ह्यासाठी बत्तीसशे नकोत का? उत्तर असे की, नकोत. वरच्या हिशेबात तालुक्याची एकूण लोकसंख्या कोठेच आली नाही. आली ती केवळ विचारलेल्यांची संख्या. आमटीचे मीठ पाहण्यासाठी घरच्या पातेल्यातून जेवढा घोट घ्यावा तेवढाच लग्नाच्या हंड्यातूनही पुरतो; मात्र दोन्हीकडे ती नीट ढवळलेली हवी.

परंतु जिल्ह्याचा एक आकडा आणि प्रत्येक भागाचा स्वतंत्र आकडा, या दोन निरनिराळ्या मागण्या आहेत. तालुक्यात चारशे जणांची पाहणी केली आणि नंतर कोणी म्हणाले, ‘बोईसर, तारापूर, मनोर आणि सफाळे या भागांचे आकडे वेगवेगळे द्या’, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे शंभर जण येतात. प्रत्येक भागाची चूक-मर्यादा पाच राहत नाही. ती दहा होते. मनोरचे ६४ आणि तारापूरचे ५७ आले म्हणून मनोरचे शेतकरी अधिक जागरूक, असा निष्कर्ष काढणे हे शंभर दाण्यांच्या दोन मुठींवरून दोन कणग्या भिन्न ठरविण्यासारखे होय.

लहान गावाची गोष्ट थोडी निराळी. गावात भात-उत्पादक १२० च असतील आणि त्यांतील ६० जणांना विचारले, तर निम्मे गाव विचारून झाले. साध्या हिशेबाने मर्यादा सुमारे १३ येते. न विचारलेल्यांचा हिस्सा निम्मा, म्हणजे ०.५, त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ०.७ ने, तिला गुणावे. ती ९ वर येते. सर्व १२० जणांना विचारले तर थोड्यांना विचारल्यामुळे येणारी चूक उरतच नाही. नमुना एकूण संख्येच्या दहाव्या हिश्शाहून कमी असेल तर ही दुरुस्ती सोडून दिली तरी चालते.

गेल्या वर्षाशी तुलना

गेल्या वर्षी शंभरांत ५२ आणि यंदा दुसऱ्या शंभरांत ६० आले, तर आठ टक्क्यांची प्रगती झाली असे लिहावे काय? दोन्ही आकड्यांना आपापली चूक-मर्यादा आहे, प्रत्येकी सुमारे १०. दोहोंचे वर्ग करून मिळवावे : १०० अधिक १०० म्हणजे २००, वर्गमूळ सुमारे १४. फरकाची चूक-मर्यादा १४ आणि दिसलेला फरक ८. म्हणजे खरी वाढ झालीच असे म्हणता येत नाही. कदाचित काहीही बदलले नसेल. दोन्ही वर्षी चारशे-चारशे जणांना विचारले असते, तर प्रत्येकी मर्यादा ५ आणि फरकाची सुमारे ७ आली असती. तेव्हा आठाचा फरक जेमतेम टिकला असता. ज्यांना वर्षावर्षाची तुलना करावयाची आहे त्यांनी ही गोष्ट पहिल्याच वर्षी ध्यानात घ्यावी. गेल्या वर्षीचा लहान नमुना यंदा मोठा करता येत नाही.

एकाच पाड्यातील वीस जण

वरील सर्व हिशेबामागे एक अट आहे. प्रत्येक शेतकरी चिठ्ठी टाकून निवडावा तसा स्वतंत्रपणे निवडलेला असावा. प्रत्यक्षात चालणे वाचावे म्हणून आपण वीस पाडे निवडतो आणि प्रत्येक पाड्यात वीस जणांना विचारतो. चारशेची भरती होते. परंतु एका पाड्यातील शेतकरी एकमेकांचे पाहून शेती करतात. एकाने मिठाच्या पाण्यात बी घातले की शेजारीही घालतो. एकाने घातले नाही तर बहुधा कोणीच घालत नाही. म्हणून एकाच पाड्यातील विसावा माणूस पहिल्याइतकी नवी माहिती देत नाही.

संख्याशास्त्रज्ञ या साम्याला मापात बसवितात. समजा, ते माप ०.१ आहे. पाड्यातील विचारलेल्या माणसांच्या संख्येतून एक वजा करावा, म्हणजे १९, त्याला ०.१ ने गुणावे, म्हणजे १.९, त्यात एक मिळवावा, म्हणजे २.९. चारशेला २.९ ने भागले की सुमारे १३८ उरतात. आपण विचारले चारशे जणांना, परंतु त्यांचे मोल एकशे अडतीसांचे, आणि चूक-मर्यादा पाच नसून सुमारे आठ. तेच चारशे जण ऐंशी पाड्यांतून पाच-पाच घेतले असते, तर भाजक १.४ आला असता, मोल सुमारे २८६ झाले असते आणि मर्यादा सुमारे सहा. तेव्हा अधिक माणसांपेक्षा अधिक पाडे घेणे श्रेयस्कर.

जी चूक संख्येने जात नाही

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे आसपासच्या गावांतील कित्येक शेतकरी कारखान्यात पाळीने काम करतात. शेती घरातील स्त्रिया, वृद्ध माणसे आणि मजूर पाहतात. कार्यकर्ता सकाळी अकरा वाजता गावात गेला, तर त्याला भेटतात ते पूर्णवेळ शेती करणारे. समजा, घरी भेटणाऱ्यांपैकी साठ टक्के बीजप्रक्रिया करतात. पाळीवर गेलेल्यांच्या घरी मात्र तीसच टक्के करतात. आणि अशी घरे एकतृतीयांश आहेत. तर खरे प्रमाण पन्नास टक्के होते. परंतु आपला आकडा साठच येत राहील. चार हजार जणांना विचारले तर चूक-मर्यादा दीडावर येईल, आणि आपण साडेअठ्ठावन ते साडेएकसष्ट असे मोठ्या खात्रीने, परंतु चुकीचे सांगू. चूक-मर्यादा ही केवळ मूठ लहान असल्यामुळे पडणारा फरक मोजते. कणगीच्या वरच्या थरातूनच दाणे घेतले, तर तो दोष तिला दिसत नाही.

या बाबतीत आपल्या देशातील कृषिसंख्याशास्त्राचा अनुभव बोधप्रद आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीककापणी प्रयोगांच्या पद्धतीचा पाया घालण्यात मोठा वाटा उचलला. शेतात अगदी लहान तुकडा आखून कापणी केली तर एकरी उत्पन्न फुगून दिसते, हे त्यांनी दाखवून दिले व १९४६ साली प्रसिद्ध केले. कारण सीमेवरील रोप आत धरावे की बाहेर, असा संशय आला की हात ते आत धरतो. आणि तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानाने सीमा अधिक. असे शेकडो लहान तुकडे कापले तरी सरासरी फुगलेलीच राहते. उपाय आहे तो तुकड्याचा आकार बदलणे. डॉ. सुखात्मे व डॉ. विनायक गोविंद पानसे यांचा कृषी-कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला, आणि त्यावर पुढे अनेक पिढ्या शिकल्या.

प्रत्यक्ष निवड कशी करावी

प्रथम यादी करावी. तलाठी दप्तरातील खातेदारांची यादी हा चांगला आरंभ होय. परंतु तीत मयत खातेदारांची नावे असतात, आणि जे वनजमीन कसतात पण ज्यांचे नाव सातबाऱ्यावर नाही ते सुटतात. गावातील जाणत्या माणसांना विचारून ही यादी दुरुस्त करावी. समजा, भात-उत्पादक १२०० आहेत आणि नमुना १०० हवा. १२०० भागिले १०० म्हणजे १२. एक ते बारा अंकांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचलावी. सात आला तर सातवा, एकोणिसावा, एकतिसावा, अशा क्रमाने प्रत्येक बारावे नाव घ्यावे. पाड्यांची नावे यादीत ओळीने असतील तर नमुना आपोआप सर्व पाड्यांत पसरतो.

निवडलेला शेतकरी घरी नसेल तर शेजारच्याला विचारून जागा भरू नये. संध्याकाळी किंवा कारखान्याच्या सुटीच्या दिवशी पुन्हा जावे. दोन-तीन खेपांनंतरही न भेटलेल्यांची संख्या अहवालात नोंदवावी. शंभरांपैकी तीस न भेटल्यास, उरलेल्या सत्तरांची चूक-मर्यादा कितीही नेटकी काढली तरी त्या आकड्यावर विसंबू नये.

अहवालातील वाक्य असे असावे : ‘तालुक्यातील भात-उत्पादकांच्या यादीतून क्रमवार पद्धतीने १०० जण निवडले, ९४ भेटले, त्यांपैकी ५६ जणांनी बीजप्रक्रिया केली, म्हणजे सुमारे ६० टक्के, चूक-मर्यादा दोन्ही बाजूंस सुमारे १०.’ हे वाचणाऱ्याला प्रमाण ५० इतके खाली किंवा ७० इतके वर असू शकते हे कळेल, आणि प्रात्यक्षिक हलवावे की आणखी काही घरे विचारावी, हे तो डोळसपणे ठरवील.